भरणाच्या कापडाचे हिवाळी जॅकेट : चॅनेल टीप आणि जाड न होणारी शिवण – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानदेशात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० अंशांच्या खाली जातो आणि त्याच दिवशी दुपारी अंगावर सदराही नकोसा होतो. त्यामुळे येथे लागणारे जॅकेट हिमालयातल्यासारखे जाडजूड असून चालत नाही. ते पहाटे वारा अडवणारे, दुपारी घडी करून पिशवीत मावणारे आणि हात वर-खाली करताना बगलेत न रुतणारे असावे लागते. खालील उत्तरे एकाच जॅकेटच्या आधाराने दिली आहेत. ते मी माझ्या मेहुण्यांसाठी शिवले होते. शेतीची वीज रात्रपाळीला असली की ते गव्हाला पाणी भरायला रात्री शेतात जातात. छाती ३८ इंच, जॅकेटची उंची २६ इंच, पूर्ण बाही, समोर चेन आणि आडवी चॅनेल टीप, म्हणजे भरण पट्ट्यापट्ट्यांत धरून ठेवणाऱ्या समांतर टिपा, असे ते माप होते.

घरची रूई भरून असे जॅकेट शिवता येईल का?

कापूस पिकवणाऱ्या मुलखात हा प्रश्न सर्वांत आधी येतो. शिवता येते, परंतु रूईचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. पिंजलेली रूई सुरुवातीला फुगीर आणि ऊबदार असते, मात्र तिचे तंतू दाबले गेले की आपणहून परत उभे राहत नाहीत. शिवाय ती पाणी शोषते, त्यामुळे एका धुण्यात तिचे गोळे होतात आणि हे गोळे चॅनेलच्या खालच्या कडेला जाऊन बसतात. गोधडीत हे घडत नाही, कारण गोधडीचे धावदोरे एकमेकांपासून बोटभर अंतरावर असतात आणि आत बहुधा जुन्या कापडाचे थर असतात. रूईच भरायची असेल तर चॅनेलची रुंदी दीड इंचापेक्षा जास्त ठेवू नये आणि जॅकेट कमीत कमी वेळा धुवावे.

पाण्यात वावरणाऱ्या माणसासाठी मात्र पॉलिस्टरची फायबर शीट योग्य ठरते, कारण ती पाणी धरून ठेवत नाही आणि दाब सुटताच पुन्हा फुगते. ती वजनावर, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम या जीएसएम मापावर, विकली जाते. आपल्याकडच्या थंडीला १०० जीएसएम पुरते. दुकानात २०० जीएसएमचा मोह होतो, पण तिच्या बाह्या कोपरात नीट वाकत नाहीत आणि घरगुती मशीनवर शिवणी सांभाळणे कठीण जाते.

बाजारात मिळणारे, आधीच टिपा मारलेले भरणाचे कापड घेतले तर काम सोपे होत नाही का?

टिपा मारण्याचा वेळ वाचतो, हे खरे आहे. परंतु विकत घेण्यापूर्वी कापड उलटून मागची बाजू पाहावी. मागे एकात एक गुंतलेल्या साखळीसारखे टाके दिसत असतील तर ती साखळी टीप आहे. असे कापड कापले की टीप एका टोकाकडून सरसर उसवत जाते आणि एक धागा ओढला गेला तरी अख्खी रांग मोकळी होते. म्हणून साखळी टिपेच्या कापडावर कापण्यापूर्वीच कटिंगच्या रेषेच्या आतून साधी टीप मारून घ्यावी. दोन्ही बाजूंना टाके सारखे दिसत असतील तर फारशी चिंता नसते.

तिसरा प्रकार धाग्याशिवाय, म्हणजे उष्णतेने आणि दाबाने ठिपके चिकटवून केलेला असतो. तो दिसायला सुबक असतो, पण त्यात शिवणीच्या जागचे फायबर काढता येत नाही. थर सोडवू लागले की कापडच फाटते. या पानावरची पुढची सारी पद्धत फायबर काढण्यावर उभी असल्याने जॅकेटसाठी हा प्रकार मी घेत नाही.

माप किती मोठे ठेवावे? साध्या जॅकेटचे कटिंग वापरले तर ते आवळते.

आवळण्याची कारणे दोन आहेत आणि ती वेगवेगळी समजून घ्यावीत.

पहिले कारण भरणाची जाडी हे आहे. जॅकेटचे बाहेरचे माप तेच राहते, परंतु भरण आतल्या बाजूची जागा खाते. अंगाभोवती भरणाची जाडी जितकी असेल, त्याच्या सुमारे सहापट घेर आतून कमी होतो. टिपा मारल्यानंतर १०० जीएसएमची जाडी सरासरी पाव इंच धरली तर सुमारे दीड इंच घेर जातो. ३८ छातीला शर्टावरून घालायचे साधे जॅकेट मी ४४ इंच तयार ठेवते, म्हणून हे जॅकेट ४६ इंच ठेवले.

दुसरे कारण म्हणजे टीप कापड आखडते. वरचे कापड फुगीर भरणावरून खाली-वर जात असल्यामुळे टिपेला काटकोनात असलेली लांबी कमी होते. ती किती कमी होईल, हे कापड, फायबर आणि चॅनेलची रुंदी यांवर अवलंबून असल्याने कोणाच्या सांगण्यावर जाऊ नये. बरोबर १२ इंचांचा चौरस कापावा, त्यावर ठरवलेल्या अंतराने टिपा माराव्यात आणि पुन्हा मोजावा. मेहुण्यांच्या जॅकेटला चॅनेल २ इंचांचे होते. नमुन्याचा चौरस टिपांच्या दिशेने जवळजवळ तेवढाच राहिला, पण आडव्या टिपांच्या काटकोनात, म्हणजे उंचीत, साडेअकरा इंच भरला. माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडायचे जास्तीचे कापड, धरून मला तयार उंची २७ इंच हवी होती. २७ ला १२ ने गुणून साडेअकराने भागले की २८ इंचांहून थोडे जास्त येते. मी ३० इंचांचे तुकडे घेतले, कारण कडा नंतर छाटायच्याच असतात.

यातूनच एक नियम निघतो, तो मोडू नये. आधी चौकोनी तुकड्यावर टिपा माराव्यात आणि मगच त्यावर फर्मा ठेवून पाठ, पुढचे भाग आणि बाही कापावी. आकार आधी कापून नंतर टिपा मारल्या तर मुंढा आणि गळा दोन्ही बिघडतात.

चॅनेल टीप सरळ आणि सुरकुतीशिवाय कशी मारावी?

तीन थर घ्यावेत. वर जॅकेटचे कापड, मध्ये फायबर शीट आणि खाली पातळ मलमल. मलमल वगळून काही जण पैसे वाचवतात, परंतु मग मशीनचे दाते थेट फायबरमध्ये रुततात, तंतू ओढले जातात आणि बॉबिनच्या पेटीत त्यांचा गोळा जमतो. खरे अस्तर या टिपांमध्ये घेऊ नये. ते शेवटी वेगळे बसवावे, म्हणजे आतल्या शिवणी झाकल्या जातात आणि आतून जॅकेट गुळगुळीत राहते.

खडूने रेषा आखताना वरच्या कडेपासून मोजायला सुरुवात करू नये. पाठ आणि दोन्ही पुढचे भाग जिथे जुळणार आहेत ती बगलेची रेषा प्रत्येक तुकड्यावर आधी आखावी आणि तिच्यापासून वर-खाली दोन-दोन इंचांवर रेषा घ्याव्यात. वरून मोजले तर पुढच्या आणि पाठीच्या खांद्यांचा उतार वेगळा असल्याने बाजूच्या शिवणीत चॅनेल एकमेकांना भेटत नाहीत.

थर एकत्र धरण्यासाठी हातभर लांबीचे कच्चे धावदोरे चार-चार इंचांवर उभे घालावेत, म्हणजे आडव्या टिपांना ते काटकोनात येतात. पॅराशूट कापडाला टाचण्या लावू नयेत, कारण त्यांची भोके बुजत नाहीत. मशीनला १४ नंबरची सुई, पॉलिस्टर धागा आणि इंचाला सात-आठ टाके ठेवावेत. बारीक टाका घातला तर कापडावर भोकांची रांग पडते आणि भरण दबून तिथली ऊब जाते.

पहिली टीप तुकड्याच्या मध्यावरच्या रेषेवर घालावी, मग तिच्या खालचा भाग पूर्ण करावा आणि नंतर वरचा. कडेपासून सुरुवात केली तर थर सरकत-सरकत शेवटच्या चॅनेलमध्ये सगळी चूक साठते. मी सर्व टिपा एकाच दिशेने घालते. एक टीप डावीकडून आणि पुढची उजवीकडून घातली की दोन टिपांमधले कापड दोन दिशांनी ओढले जाते आणि चॅनेलवर तिरक्या सुरकुत्या उमटतात. प्रत्येक टिपेनंतर कापड पुन्हा सुरुवातीला आणावे लागते, पण ते श्रम वाया जात नाहीत.

तरीही वरचे कापड पुढे सरकते. पायमशीनवर काय करावे?

मशीनचे दाते खालचा थर पुढे नेतात आणि वरचा प्रेशर फूट वरच्या थराला मागे धरतो, म्हणून वरचे कापड टिपेच्या शेवटी लाटेसारखे जमा होते. वॉकिंग फूट मिळाला तर तो वरचा थरही सोबत नेतो. तो नसेल तर प्रेशर फूटच्या दांड्याच्या वरचा दाबाचा स्क्रू दोन-तीन फेरे सैल करावा. बहुतेक पायमशीनना तो असतो, पण वर्षानुवर्षे त्याला कोणी हात लावलेला नसतो. पॅराशूट कापड फूटला चिकटत असेल तर वर पातळ बटर पेपरची पट्टी ठेवून टीप मारावी आणि नंतर कागद फाडून काढावा. वर्तमानपत्र वापरू नये, त्याची शाई कापडाला लागते.

शिवण दोरखंडासारखी जाड होते. यावर उपाय कोणता?

माझे पहिले भरणाचे जॅकेट याच दोषामुळे वाया गेले. मी साध्या कोटाप्रमाणे दोन तुकडे जोडले आणि माया एका बाजूला दाबली. त्यामुळे शिवणीपाशी मायेचे दोन आणि अंगाचा एक असे फायबरचे तीन थर झाले. बगलेत बाहीची शिवण आणि बाजूची शिवण एकमेकींना छेदतात, तिथे सहा थर जमले. दोन सुया तुटल्या. जॅकेट शिवून झाले, पण घालणाऱ्याला हात अंगालगत ठेवता येईना.

उपाय एकच आहे. मायेत फायबर राहू द्यायचे नाही. हे काम जोडणीनंतर करणे किचकट जाते, म्हणून जोडणीपूर्वीच प्रत्येक तुकड्यावर करावे. पद्धत अशी आहे.

फर्म्याभोवती अर्धा इंच, म्हणजे ४ सूत, माया ठेवून तुकडा कापावा. शिवणीची खरी रेषा खडूने आखावी. तिच्या बाहेर, म्हणजे मायेच्या बाजूला, १ सूत अंतरावर तुकड्याभोवती साधी टीप मारावी. ही राखण टीप चॅनेलच्या टिपांची टोके बांधून ठेवते. मग कापलेल्या कडेपासून या राखण टिपेपर्यंतच चॅनेलचे टाके रिपरने उसवावेत. दर टिपेला तीन सुतांचेच उसवणे असते. आता वरचे कापड आणि मलमल दोन बोटांनी दोन बाजूंना उलगडले की मधली फायबर शीट उघडी पडते. ती बोथट टोकाच्या लहान कात्रीने, कात्री आडवी धरून, राखण टिपेला लागून कापावी.

कापताना कात्रीचे पाते मलमलीकडे ठेवावे. हात घसरलाच तर मलमलीला भोक पडेल आणि ते अस्तराखाली झाकले जाईल. वरच्या कापडाला पडलेले भोक झाकता येत नाही.

फायबर राखण टिपेच्या आत जाऊन कापू नये. तसे केले तर शिवणीच्या दोन्ही बाजूंना रिकामी घळ पडते, बाहेरून ती खड्ड्यासारखी दिसते आणि रात्री वारा नेमका तिथून लागतो. राखण टीप शिवणीच्या बाहेर १ सूत ठेवण्याचे कारण हेच आहे. तेवढे फायबर शिवणीत सापडते आणि भरण अगदी शिवणीपर्यंत पोहोचते, पण जाडी वाढत नाही.

यानंतर तुकडे जोडले की मायेत फक्त कापड आणि मलमल यांचे चार पातळ थर राहतात. ही माया एका बाजूला न दाबता दोन्हीकडे उघडावी आणि हाताने सैल टाके घालून मलमलीला धरावी. टाका मलमलीतच घ्यावा, वरच्या कापडात नाही. काम बरोबर झाले की नाही, हे तपासण्यासाठी डोळे मिटून शिवणीवरून अंगठा फिरवावा. उंचवटा लागला तर तिथे फायबर राहिले आहे, खळगा लागला तर जास्त कापले गेले आहे.

जीन्सला असते तशी दुमडून दुहेरी टीप मारलेली शिवण, किंवा दोनदा उलटवून कडा आत घेणारी शिवण, येथे वापरू नये. या दोन्ही शिवणी भरण नसलेल्या कापडासाठी आहेत.

बाही मुंढ्यात बसत नाही, चुण्या पडतात. असे का होते?

साध्या कापडाच्या बाहीचा गोल मुंढ्यापेक्षा एक-दीड इंच जास्त ठेवून तो हलक्या हाताने जिरवता येतो. भरणाचे कापड असे जिरत नाही, कारण चॅनेलच्या टिपांनी ते आधीच आखडलेले असते. बाहीचा गोल मुंढ्यापेक्षा अर्ध्या इंचाहून अधिक मोठा ठेवू नये आणि बाहीचा माथा शर्टाच्या बाहीसारखा उथळ कापावा.

जोडण्याचा क्रमही शर्टाचाच ठेवावा. आधी खांदे जोडावेत, मग बाजू उघड्या असतानाच बाही सपाट ठेवून मुंढ्याला लावावी आणि शेवटी बाहीच्या टोकापासून बगलेतून जॅकेटच्या खालच्या कडेपर्यंत एकच लांब शिवण घालावी. बगलेतल्या छेदावर मुंढ्याची माया उघडलेली असावी आणि तिचे कोपरे तिरके छाटलेले असावेत. त्या जागी प्रेशर फूट पुढून वर उचलला जातो आणि टाके बारीक पडू लागतात. अशा वेळी फूटच्या मागच्या बाजूखाली जाड पुठ्ठ्याची घडी सरकवून तो सपाट करावा आणि छेद ओलांडला की पुठ्ठा काढावा.

चेन लावल्यावर डावे-उजवे चॅनेल वर-खाली होतात. ते कसे टाळावे?

चेनची एक बाजू आधी पूर्ण बसवावी. नंतर चेन बंद करावी आणि प्रत्येक चॅनेलची टीप चेनच्या दुसऱ्या पट्टीला जिथे भेटते तिथे खडूची खूण करावी. चेन उघडून या खुणा दुसऱ्या बाजूच्या टिपांवर ठेवाव्यात आणि कच्चा धावदोरा घालून मगच मशीन चालवावे. चेन खालून पूर्ण उघडणारी, ५ नंबरची घ्यावी.

समोरच्या कडेतले फायबर इतर शिवणींप्रमाणेच काढावे, मात्र येथे शिवणीच्या आतही आणखी २ सूत जास्त काढावे. चेनच्या दातांजवळ फुगवटा राहिला तर चेनच्या सरकत्या कडीत कापड अडकते. अंधारात, ओल्या हातांनी चेन ओढणाऱ्याला त्याचा फार त्रास होतो.

खालची कड आणि बाहीचे टोक दुमडावे का?

भरणाचे कापड दुमडू नये. त्याऐवजी साध्या कापडाची अडीच इंच पट्टी आतून लावून कड उलटवावी. बाहीच्या टोकाला विणलेली रिब लावली तर वारा आत शिरत नाही, परंतु रिबही फायबर काढलेल्या मायेलाच जोडावी.

इस्त्री करावी का?

शिवणी बसवण्यासाठीसुद्धा इस्त्री टेकवू नये. पॉलिस्टरचे फायबर उष्णतेने वितळून चपटे होते आणि ते पुन्हा फुगत नाही. गरज वाटल्यास शिवण सुती कापडात धरून लाकडी हातोडीने हलके ठोकावी.

जॅकेट आधीच शिवून झाले आहे आणि शिवणी जाड आहेत. ते उसवावे लागेल का?

सगळे उसवण्याची गरज नाही. अस्तराच्या खालच्या कडेची ८-१० इंच शिवण उसवावी आणि त्या तोंडातून जॅकेट आतून बाहेर ओढून घ्यावे, म्हणजे मायांच्या उघड्या कडा हाती येतात. माया एका बाजूला टाकून धरलेली असेल तर ती धरणारी टीप आधी उसवावी. मग मायेतले वरचे कापड आणि मलमल उलगडून मधले फायबर मूळ शिवणीच्या टिपेपासून १ सूत बाहेर राहील असे कापावे. येथे राखण टीप नसते, त्यामुळे चॅनेलचे टाके मायेत जिथे सुटतील तिथे धाग्यांची टोके सुईने मागे घेऊन गाठ मारावी. सुरुवात बगलेपासून करावी. त्यानंतर जॅकेट घालून हात पुढे-मागे करून पाहावा, बहुतेक वेळा बाजूच्या उरलेल्या शिवणीला हात लावावा लागत नाही. शेवटी अस्तराचे तोंड हाताने लपत्या टाक्याने बंद करावे.